आठास एक की चारास एक? ताटातल्या प्रथिनांचा आणि ऊर्जेचा हिशेब

गृहविज्ञानाच्या जर्नलमध्ये ‘एका दिवसाचे आहार नियोजन’ हे प्रात्यक्षिक बहुतेकांचे सुबक असते. चौकटी आखलेल्या असतात, बेरजा जुळलेल्या असतात. तरीही तोच आहार खरोखर रांधून ताटात वाढला तर कागदावरची प्रथिने सापडत नाहीत, आणि तेल मात्र कागदावर होते त्याच्या दुप्पट निघते. असे का होते हे समजून घ्यायला एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ: वय २० वर्षे, वजन ५५ किलो, दिवसातला बराच वेळ वर्गात आणि अभ्यासाच्या टेबलाशी बसणारी, शाकाहारी मुलगी.

त्याआधी ४-४-९ हे आकडे येतात कुठून ते पाहू. एक ग्रॅम कर्बोदकांतून ४, एक ग्रॅम प्रथिनांतून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून ९ किलोकॅलरी मिळतात, हे पाठ असते. पण प्रयोगशाळेत बाँब कॅलरीमीटरमध्ये एक ग्रॅम प्रथिन जाळले तर सुमारे ५.६५ किलोकॅलरी उष्णता निघते. मग शरीरात चारच का? कारण प्रथिनात नायट्रोजन असतो आणि शरीराला तो जाळता येत नाही. यकृत त्याचा युरिया करते, तो लघवीवाटे जातो आणि जाताना ग्रॅममागे सव्वा किलोकॅलरी घेऊन जातो. उरले ४.४. त्यात खाल्लेले सगळे प्रथिन पचत नाही, साधारण ९२ टक्के पचते. म्हणून शेवटी हातात ४ राहतात. कर्बोदकांना आणि स्निग्धांना ही नायट्रोजनची वजावट नाही, फक्त न पचलेला थोडा भाग वजा होतो. हे आकडे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर अॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवले आणि आजही आपण तेच वापरतो.

युरियाची ही गोष्ट लक्षात ठेवा. शरीर प्रथिन जाळू शकते, पण ते महागडे जळण आहे. आहारातून एकूण ऊर्जाच कमी मिळाली तर शरीर डाळीतले प्रथिन स्नायू आणि विकरे बांधायला न वापरता चुलीत घालते. म्हणून ‘भात-पोळी बंद, नुसती डाळ आणि काकडी’ अशा आहारात कागदावर प्रथिने पुरेशी दिसली तरी ती बांधकामापर्यंत पूर्ण पोचत नाहीत. कर्बोदके आणि स्निग्धे प्रथिनांना वाचवतात असे पुस्तकात लिहिलेले असते, त्याचा अर्थ हाच.

आता या मुलीला किती ऊर्जा हवी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुधारलेल्या तक्त्यात ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीसाठी तीन आकडे आहेत: बैठे काम १,६६०, मध्यम श्रम २,१३० आणि जड श्रम २,७२० किलोकॅलरी. हे तीन आकडे स्वतंत्र नाहीत. पायाभूत चयापचयाची ऊर्जा, म्हणजे माणूस नुसता शांत पडून असताना हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांना चालू राहायला लागणारी ऊर्जा, हा पाया. त्याला बैठ्या कामासाठी १.४, मध्यमसाठी १.८ आणि जडसाठी २.३ ने गुणायचे. उलटे करून पाहा: १,६६० भागिले १.४ म्हणजे साधारण १,१८५. या मुलीच्या दिवसभराच्या ऊर्जेतला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग ती जागची हलली नाही तरी खर्च होणारच आहे.

जुन्या पुस्तकात याच स्त्रीसाठी १,९०० लिहिलेले आढळेल. ते छपाईतली चूक नाही, २०१० चा आकडा आहे. तेव्हा बैठ्या कामाचा गुणक १.५३ धरला होता आणि पायाभूत ऊर्जाही थोडी जास्त. जर्नलमध्ये कोणत्या वर्षाचा तक्ता घेतला ते वर लिहा आणि त्याच तक्त्यातले प्रथिनांचे आकडेही घ्या. ऊर्जा नवीन आणि प्रथिने जुनी अशी सरमिसळ करू नका.

सगळ्यात जास्त चुकते ते गुणक निवडताना. कॉलेजला चालत जाते, घरी थोडे काम करते, म्हणून विद्यार्थिनी स्वतःला ‘मध्यम श्रम’ या रकान्यात टाकते. मध्यम श्रमात दिवसातले अनेक तास उभ्याने, चालत, हाताने काम येते. वीस मिनिटांची चाल रकाना बदलत नाही. चुकीच्या रकान्याची किंमत ४७० किलोकॅलरी, म्हणजे रोज साडेचार पोळ्या जास्त.

शिवाय ऊर्जेचा आकडा ही सरासरी आहे, त्यावर ‘सुरक्षिततेसाठी थोडे जास्त’ असे काही धरलेले नसते. प्रथिनांच्या शिफारशीत मात्र तशी वाढ धरलेली असते: सरासरी गरज किलोमागे ०.६६ ग्रॅम, शिफारस ०.८३ ग्रॅम. जास्तीचे थोडे प्रथिन शरीर वापरते किंवा जाळून टाकते, पण जास्तीची ऊर्जा चरबी होऊन साठते. म्हणून ऊर्जेचे लक्ष्य नेमके गाठायचे असते आणि प्रथिनांचे किमान गाठायचे असते. ५५ किलोला ०.८३ ने गुणले की ४६ ग्रॅम येतात. मात्र हे ४६ ग्रॅम चांगल्या प्रतीच्या प्रथिनांसाठी आहेत. धान्यावरच भिस्त असेल तर किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे ५५ ग्रॅम, धरणे जास्त शहाणपणाचे.

अकरावी-बारावीच्या मुलींनी ही ओळ स्वतःसाठी वापरू नये. १६ ते १८ वयासाठी तक्त्यात वेगळी ओळ आहे आणि तिथे ऊर्जेचा आकडा २,५०० आहे.

‘प्रत’ म्हणजे काय? प्रथिने अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतली काही शरीराला तयार करता येत नाहीत, अन्नातूनच घ्यावी लागतात. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसिन कमी पडते. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. एकाचे कमी ते दुसऱ्यात आहे, म्हणून वरण-भात, पिठले-भाकरी, खिचडी या जोड्या नुसत्या चवीच्या नाहीत. पण जोडी जमायला प्रमाण लागते: कच्च्या वजनात तीन ते चार भाग धान्याला एक भाग डाळ, सोबत दूध. शीर्षकातला प्रश्न याच प्रमाणाचा आहे.

खालचा तक्ता जर्नलमध्ये उतरवून घ्यायला सोयीचा व्हावा म्हणून दोन्ही भाषांतली नावे दिली आहेत. शेवटच्या रकान्यातली वजने आपल्या उदाहरणातल्या मुलीसाठी, दिवसभराची आणि कच्च्या पदार्थाची आहेत.

| अन्नगट | इंग्रजी नाव | त्यातले पदार्थ: मराठी – इंग्रजी | मुख्यतः काय देतो | दिवसाचे वजन |
|---|---|---|---|---|
| तृणधान्ये व भरडधान्ये | सीरिअल्स अँड मिलेट्स | तांदूळ – राइस, गहू – व्हीट, ज्वारी – सॉर्गम, बाजरी – पर्ल मिलेट, नाचणी – फिंगर मिलेट, पोहे – राइस फ्लेक्स | कर्बोदके, काही प्रथिने | २२० ग्रॅम |
| डाळी व कडधान्ये | पल्सेस अँड लेग्यूम्स | तूर – रेड ग्रॅम, मूग – ग्रीन ग्रॅम, हरभरा – बेंगॉल ग्रॅम, मटकी – मॉथ बीन, चवळी – काउपी, कुळीथ – हॉर्स ग्रॅम | प्रथिने, कर्बोदके, तंतू | ६० ग्रॅम |
| दूध व प्राणिज पदार्थ | मिल्क अँड अॅनिमल फूड्स | दूध – मिल्क, दही – कर्ड, अंडे – एग, मासे – फिश, मांस – मीट | उत्तम प्रतीची प्रथिने; दुधातून कॅल्शियम | दूध-दही ३०० मिली |
| पालेभाज्या | ग्रीन लीफी व्हेजिटेबल्स | मेथी – फेन्युग्रीक लीव्ह्ज, पालक – स्पिनच, शेपू – डिल, राजगिरा – अॅमरंथ | लोह, फोलेट, कॅरोटीन, तंतू | १०० ग्रॅम |
| इतर भाज्या | अदर व्हेजिटेबल्स | वांगे – ब्रिंजल, भेंडी – ओक्रा, दुधी – बॉटल गोर्ड, काकडी – कुकुंबर | तंतू, जीवनसत्त्वे | १५० ग्रॅम |
| कंदमुळे | रूट्स अँड ट्युबर्स | बटाटा – पोटॅटो, रताळे – स्वीट पोटॅटो, गाजर – कॅरट | बटाटा-रताळ्यातून कर्बोदके, गाजरातून कॅरोटीन | ५० ग्रॅम गाजर |
| फळे | फ्रूट्स | पेरू – ग्वावा, केळे – बनाना, पपई – पपाया | ‘क’ जीवनसत्त्व, तंतू | १०० ग्रॅम |
| तेलबिया | नट्स अँड ऑइल सीड्स | शेंगदाणे – ग्राउंडनट, तीळ – सेसमी, जवस – फ्लॅक्ससीड | स्निग्धे आणि प्रथिने दोन्ही | २० ग्रॅम |
| तेल, तूप, साखर, गूळ | फॅट्स अँड शुगर्स | तेल – ऑइल, तूप – घी, साखर – शुगर, गूळ – जॅगरी | फक्त ऊर्जा | तेल २०, साखर १० ग्रॅम |

अनेक पाठ्यपुस्तकांत पाचच गट असतात. तिथे भाज्या-फळे एकत्र आणि तेलबिया तेलात धरतात. शेंगदाणे मुद्दाम वेगळे काढले, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि ४० ग्रॅम स्निग्धे आहेत. त्यांना तेलाच्या गटात टाकले की प्रथिने हिशेबातून सुटतात, आणि डाळीच्या गटात टाकले की स्निग्धे सुटतात. बटाट्याचेही तसेच. भाजी म्हणून शिजत असला तरी १०० ग्रॅममध्ये ९७ किलोकॅलरी, त्याही जवळपास सगळ्या पिष्टाच्या. वांग्याच्या तेवढ्याच वजनात २४.

आता या मुलीचा नेहमीचा दिवस मांडू. सकाळी चहा आणि कांदेपोहे: पोहे ६० ग्रॅम, त्यात पाच ग्रॅम दाणे आणि १० ग्रॅम तेल. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ आमटी. संध्याकाळी चहा आणि चार बिस्किटे. रात्री भात, आमटी, एक पोळी आणि वांग्याची भाजी. दिवसाचे वजन जोडले तर पोहे ६०, कणीक १२०, तांदूळ १२०, तूरडाळ ३०, बटाटा १००, वांगे ७५, दूध १००, साखर २०, तेल ३२ ग्रॅम आणि शिवाय ती बिस्किटे.

ऊर्जा: पोहे २०८, दाणे २८, कणीक ४०९, तांदूळ ४१४, डाळ १००, बटाटा ९७, वांगे १८, दूध ६७, साखर ८०, तेल २८८, बिस्किटे अंदाजे ११५. एकूण सुमारे १,८२५ किलोकॅलरी. प्रथिने: पोहे ४, दाणे १.३, कणीक १४.५, तांदूळ ८.२, डाळ ६.७, भाज्या २.७, दूध ३.२, बिस्किटे १.८. एकूण ४२ ग्रॅम.

म्हणजे ऊर्जा १६५ ने जास्त आणि प्रथिने ४६ पेक्षाही कमी. हे ताट पोट भरणारे आहे, घरचे आहे, त्यात डाळ, भाजी, पोळी, भात सगळे आहे, आणि तरीही असंतुलित आहे. नुसते ‘कोणते गट आहेत’ एवढेच टिक करून तपासले तर हे ताट जवळजवळ पास होते, फळ तेवढे राहिले असे वाटते. खोट प्रमाणात आहे: धान्य ३०० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम. आठास एकसुद्धा नाही, दहास एक. ४२ ग्रॅम प्रथिनांपैकी सुमारे २७ ग्रॅम धान्यातून आलेली, लायसिन कमी असलेली.

सुधारायला ताटाची ओळख बदलायची गरज नाही. पोहे ६० वरून ४० ग्रॅम, पण त्यात दाणे १० ग्रॅम. पोळ्या चारच्या चार तशाच राहू द्या. तांदूळ १२० वरून ६०. तूरडाळ ३० तशीच, शिवाय ३० ग्रॅम कच्च्या मटकीची मोड आणून उसळ. बटाट्याच्या जागी मेथी १०० ग्रॅम, त्यात आणखी १० ग्रॅम दाण्याचे कूट. वांगे १००, आणि काकडी-गाजराची १०० ग्रॅम कोशिंबीर. दूध-दही मिळून ३०० मिली. बिस्किटांच्या जागी पेरू. साखर १०, तेल २०.

पुन्हा बेरीज: पोहे १३८, कणीक ४०९, तांदूळ २०७, तूरडाळ १००, मटकी ९९, दाणे ११३, मेथी ४९, वांगे २४, कोशिंबीर ३०, दूध-दही २०१, पेरू ५१, साखर ४०, तेल १८०. एकूण १,६४१ किलोकॅलरी. प्रथिने त्याच क्रमाने २.६, १४.५, ४.१, ६.७, ७.१, ५.१, ४.४, १.४, ०.७, ९.६ आणि ०.९, म्हणजे ५७ ग्रॅम. ऊर्जा १८० ने घटली आणि प्रथिने १५ ग्रॅमनी वाढली. धान्याला डाळ आता चारास एकच्या आत आली, आणि जोडीला दूध आहे. एकूण ऊर्जेत प्रथिनांचा वाटा सुमारे १४ टक्के झाला, तर दाण्यांतले, दुधातले आणि धान्यातले अदृश्य स्निग्ध धरून स्निग्धांचा वाटा पाव भाग होतो.

मटकीऐवजी एक अंडे घेतले तर प्रथिने जवळपास तेवढीच, साधारण साडेसहा ग्रॅम, पण अंड्यात तंतू अजिबात नाहीत. मांसाहारी ताटातून कडधान्य पूर्ण काढू नये ते याचसाठी.

हे आकडे खरे ठरतील का, ते वजन कधी केले यावर अवलंबून आहे. कोष्टकातला तांदळाचा ३४५ हा आकडा १०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा आहे. तांदूळ शिजताना पाणी पितो आणि अडीच ते तीन पट जड होतो. ताटातला १५० ग्रॅम भात तोलून ३४५ ने गुणला तर ५१८ येतात. खरे उत्तर १७० ते २१० च्या दरम्यान आहे. जर्नलमध्ये भाताची ऊर्जा ५०० च्या वर दिसली की शिजलेले वजन घेतले असे खुशाल समजावे.

आमटीत ही चूक उलटी आणि जास्त फसवी होते. ‘एक वाटी आमटी’ असे लिहून ३० ग्रॅम डाळ धरतात. पण वाटी पाण्याने भरते, डाळीने नाही. खात्री करायची तर कुकरला लावण्याआधी डाळ तोला. समजा चार माणसांसाठी ६० ग्रॅम घेतली, आमटी आठ वाट्या झाली, तर वाटीत साडेसात ग्रॅम डाळ आहे आणि प्रथिने दीड-पावणेदोन ग्रॅम. दोन वाट्या प्यायल्या तरी साडेतीनच. तीच डाळ घट्ट वरण करून चार वाट्यांत बसवली तर वाटीत १५ ग्रॅम येते. पातळ आमटी कितीही खमंग असली तरी तिला डाळीचा पूर्ण वाटा मानता येत नाही.

तेल मोजायचे तर पळीवर विसंबू नका, प्रत्येक घरची पळी वेगळी. मापाच्या एका छोट्या चमच्यात, म्हणजे पाच मिलीत, साडेचार ग्रॅम तेल बसते. दिवसाचे २० ग्रॅम म्हणजे असे साडेचार चमचे, सगळ्या फोडण्या धरून. याहून पक्की तपासणी महिन्याची आहे: घरात महिन्याला किती लिटर तेल संपते त्याला माणसांनी भागा. २० ग्रॅम रोज म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम, सुमारे ६५० मिली. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी सव्वा लिटर होते. जर्नलमध्ये २० ग्रॅम लिहिले असले तरी ताटात ३८ ग्रॅम आहेत, आणि जास्तीच्या १८ ग्रॅममध्ये १६० किलोकॅलरी.

उपवासाचा दिवसही याच नजरेने पाहावा. १०० ग्रॅम साबुदाण्यात ३५० किलोकॅलरी आहेत आणि प्रथिने ०.२ ग्रॅम, कारण तो कंदातून काढलेला निव्वळ पिष्ट आहे. खिचडीतली प्रथिने दाण्याच्या कुटाची असतात, त्यामुळे कूट दोन चमचे आहे की मूठभर यावर सगळे ठरते. सोबत ताकाऐवजी दही आणि संध्याकाळी दूध घेतले तर त्या दिवसाची तूट बरीच भरते.

आणखी एक जागा सावध राहण्याची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांत ऊर्जा किलोजूलमध्ये दिली आहे. तांदळापुढे दीड हजाराच्या आसपासचा आकडा दिसला की दचकू नका, ४.१८४ ने भागा. इथे वापरलेले आकडे जुन्या, किलोकॅलरीतल्या कोष्टकांचे आहेत, त्यामुळे नव्याशी ताडून पाहताना थोडा फरक पडेल. पदार्थाच्या जातीनुसार आणि ओलाव्यानुसार तेवढा फरक पडतोच, म्हणून दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत बेरीज लिहिण्यात अर्थ नाही.

पोळीऐवजी भाकरी घ्यायची असेल तर १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ४१९ किलोकॅलरी आणि १२.५ ग्रॅम प्रथिने आहेत, म्हणजे कणकेच्या जवळपासच. पण पोळीचा गोळा साधारण ३० ग्रॅम पिठाचा आणि भाकरीचा कुठे ५० तर कुठे ८० ग्रॅमचा, त्यामुळे ‘चार पोळ्यांऐवजी चार भाकरी’ हा बदल धान्य दुप्पट करून टाकू शकतो. भाकरी थापायच्या आधी पिठाचा डबा तोला, झाल्यावर लावायला घेतलेल्या पिठासकट पुन्हा तोला, आणि फरकाला भाकऱ्यांच्या संख्येने भागा. जो आकडा येईल तो तुमच्या घरच्या भाकरीचा, आणि जर्नलमध्ये तोच लिहायचा.